दोनशे बारा पानांचा एक कागद

सीनाकाठ सहकारी दूध संघाच्या पशुवैद्यकीय विभागाचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस जगात एकच होता, आणि अहवाल तयार करणाराही तोच होता. हुसेनसाब मुजावर. हुद्दा सांख्यिकी सहायक, वय छपन्न, टेबल भवानी पेठेतल्या संघाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून. खिडकीखाली टॉवेलचे माग दिवसभर खडखडत असत. नवीन माणसाचं त्या आवाजानं दोन दिवसांत डोकं उठायचं. हुसेनसाबांना मात्र माग बंद पडले की चुकल्यासारखं व्हायचं आणि ते बेरीज सोडून वर बघायचे.

त्यांचा अहवाल म्हणजे काय चीज होती हे सांगायला हवं. एकोणीस उपकेंद्रं, सव्वाशेच्या वर गावं, कुठल्या गावात किती जनावरांना लाळ-खुरकुताची लस टोचली, किती गाई कृत्रिम रेतनानं भरल्या, किती गाभण राहिल्या, दूध किती आलं, औषधं किती लागली. यंदाची पानं दोनशे बारा. दरवर्षी मे महिन्यात अहवाल बांधून यायचा, संचालकांच्या गाड्यांमध्ये ठेवला जायचा, आणि पुढं त्याचं काय व्हायचं हे कुणी विचारत नसे. एका संचालकांच्या घरी हुसेनसाबांनी तो डगमगत्या कपाटाच्या पायाखाली पाहिला होता. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, खातूनबी, आपलं काम वाया गेलं नाही, कपाट आता हलत नाही.

यंदा मात्र कार्यकारी संचालक नव्या होत्या. वैजयंती रणदिवे. बाई हुशार, कमी बोलणाऱ्या, आणि घड्याळाकडे न बघता वेळ ओळखणाऱ्या. अहवालाचा गठ्ठा त्यांनी हातात तोलून पाहिला आणि सांगितलं की सोमवारी अकराला संचालक मंडळाची सभा आहे, तिथं पंधरा जण असतील, त्यातले चौदा हे उघडणार नाहीत. मला याचा एक कागद हवा. पाठपोट नको, एकच बाजू. दीड मिनिटात वाचून झाला पाहिजे आणि वाचून झाल्यावर कुठला निर्णय घ्यायचा ते कळलं पाहिजे.

हे काम आलं अपेक्षावर. अपेक्षा गवळी, मोडनिंबची, वय सत्तावीस, कृषी पदवी आणि वर माहिती व्यवस्थापनाची पदविका. संघात लागून तिला सात महिने झाले होते. मुलगी चलाख होती, आणि आपण चलाख आहोत हे तिला माहीत होतं, एवढा एक दोष सोडला तर नाव ठेवायला जागा नव्हती. दोन दिवस तिनं मान वर केली नाही. शुक्रवारी संध्याकाळी कागद तयार झाला, रणदिवे मॅडमनी तो पाहिला, ‘छान’ असा एकच शब्द लिहून परत पाठवला आणि सभेच्या विषयपत्रिकेला जोडायला सांगितला.

शनिवारी सकाळी अपेक्षानं त्याच्या रंगीत प्रती काढल्या आणि पहिली प्रत हुसेनसाबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिला वाटत होतं, म्हातारा नाराज होईल. आपण वर्षभर रक्त आटवून दोनशे बारा पानं लिहायची आणि कुणी पोरीनं ती एका कागदावर आणायची, म्हणजे नाराज होणारच.

हुसेनसाबांनी चष्मा पुसला, कागद सरळ धरला आणि वरपासून वाचायला घेतला. वरती ठळक अक्षरात एकच वाक्य होतं: संघाचं लसीकरण आणि दूध वाढलं, एका उपकेंद्राबाबत निर्णय हवा. त्याखाली पाच मोठे आकडे, प्रत्येकाशेजारी गेल्या वर्षीचा आकडा, ठरवलेलं उद्दिष्ट आणि तीन वर्षांची छोटीशी चढती-उतरती रेघ. मधे एकोणीस उपकेंद्रांची एकोणीस ओळींची पट्टी, दर ओळीत तीन चौकोन, हिरवा, पिवळा किंवा लाल. तळाशी ‘मंडळाचा निर्णय हवा’ अशी चौकट. आणि दर आकड्याच्या पुढं बारीक अक्षरात, हा आकडा अहवालाच्या कुठल्या पानावरून घेतला, ते पान.

“लई चांगलं झालंय,” हुसेनसाब म्हणाले. “मला एक प्रत ठेवू द्या की.”

त्यांना खरंच नवल वाटलं होतं. एकतीस वर्षं ते हे आकडे एकाखाली एक लावत आले होते, पण सगळी एकोणीस उपकेंद्रं एका नजरेत त्यांनी कधी पाहिली नव्हती. तरुणपणी तीन वर्षं ते चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायला होते. मोठ्या आखीव कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि मग मागावर तो मोर उतरायचा. चौकोन भरताना मोर दिसत नसे, कागद भिंतीला लावून चार पावलं मागं सरकलं की दिसे. आपण एकतीस वर्षं चौकोनच भरले आणि मागं सरकायचं राहून गेलं, असं त्यांनी अपेक्षाला सांगितलं. अपेक्षा सुखावली. नाराज होणारा माणूस असा बोलेल असं तिला वाटलं नव्हतं.

मग हुसेनसाबांचं बोट पट्टीवरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. बोरखिंड. लसीकरण एकसष्ट टक्के, लाल. दर जनावरामागं रोजचं दूध तीन लिटर बारा, लाल. गाभण राहण्याचं प्रमाण एक्केचाळीस टक्के, हिरवं. तीनपैकी दोन चौकोन लाल असले की ते उपकेंद्र शेजारच्यात विलीन करायचं, हा नियम रणदिवे मॅडमनी स्वतः घालून दिला होता. त्यात बसणारं उपकेंद्र एकच निघालं होतं. तळाच्या चौकटीत तसं लिहिलं होतं: बोरखिंड उपकेंद्र बंद करून करकंबला जोडावे.

बोरखिंड ते करकंब बावीस किलोमीटर. मधे ओढा आणि उखडलेला रस्ता. बोरखिंडला रेवणप्पा नावाचे पशुधन पर्यवेक्षक होते. पाच गावांत जनावर अडलं की ते वीस मिनिटांत पोचायचे. उपकेंद्र गेलं तर त्यांची बदली होणार आणि अडलेल्या गाईला करकंबहून माणूस येईपर्यंत थांबावं लागणार. गाय अशी थांबत नाही. सोमवारी अकरा वाजता पंधरा माणसं दीड मिनिटात हे ठरवणार होती.

“हा माणूस दोन कामात सगळ्यात मागं,” हुसेनसाब म्हणाले, “आणि तिसऱ्यात आख्ख्या संघात पहिला. असं कसं?”

अपेक्षा म्हणाली, असतं की कुणाचं एखादं काम चांगलं.

“एकच माणूस लस टोचतो आणि तोच गाई भरतो. जरा छेद बघा.”

तिनं तिन्ही चौकोनांचे छेद पाहिले. लसीकरणाची टक्केवारी म्हणजे टोचलेली जनावरं भागिले नोंदणीतली जनावरं. दर जनावरामागं दूध म्हणजे रोजचं दूध भागिले नोंदणीतली जनावरं. गाभण राहण्याचं प्रमाण मात्र भरलेल्या गाईंवर काढायचं, तिथं नोंदणीचा संबंध नाही. दोन्ही लाल चौकोनांच्या खाली एकच आकडा बसला होता, तीन हजार एकशे चाळीस, आणि हिरव्याखाली तो नव्हता. तो एक आकडा चुकला असेल तर दोन्ही चौकोन खोटे.

“पान त्रेचाळीसवर तोच आकडा आहे, चाचा,” ती म्हणाली. “मी तिथूनच घेतला.”

“व्हय. आणि पान चव्वेचाळीसच्या तळाला काय हाय?”

अहवाल उघडायची गरज त्यांना नव्हती, तिला होती. चव्वेचाळीसाव्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘बोरखिंड उपकेंद्राच्या नोंदणीत ठिपक्यांची जनावरे समाविष्ट आहेत. परिशिष्ट चौदा पाहावे.’ परिशिष्ट चौदा एकशे सत्त्याऐंशीव्या पानापासून सुरू होत होतं. तिथं बोरखिंडच्या रजिस्टरची छायाचित्रं होती, ओळीनं लिहिलेले कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक, आणि कितीतरी क्रमांकांच्या डाव्या अंगाला शाईचा एक बारीक ठिपका.

हुसेनसाबांनी मग ठिपक्यांची हकिगत सांगितली. जनावर विकलं किंवा मेलं की रजिस्टरात त्या क्रमांकावर रेघ मारायची, हा सगळीकडचा रिवाज. बोरखिंडच्या पाच गावांत मात्र तसं चालत नाही. गोठा रिकामा असताना त्या घरच्या जनावरावर रेघ मारली तर पुन्हा तिथं दावण लागत नाही, गोठा रिकामाच राहतो, असं तिथले लोक मानतात. नवं जनावर आलं की मगच जुन्यावर रेघ. तोवर रेवणप्पा नुसता ठिपका देतात. गेली कितीतरी वर्षं हुसेनसाब ते ठिपके हातानं मोजायचे आणि वजा करायचे. गेल्या जूनपासून रजिस्टरं संगणकावर चढली. भरणाऱ्या पोरांनी क्रमांक भरले, ठिपका भरायला संगणकात रकाना नव्हता. आणि वरून हुकूम होता की संगणकानं दिलेला तक्ता जसाच्या तसा छापायचा, हातानं बदल करायचा नाही. हुसेनसाबांनी हुकूम पाळला आणि तळटीप लिहिली.

“तुम्ही कुणाला बोलला का नाही?” अपेक्षानं विचारलं. आवाज थोडा चढला होता.

“लिहिलं होतं की.”

 माग खाली खडखडत होते. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लिहिलं म्हणजे सांगितलं, असंच मला वाटत आलं,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं.”

अपेक्षाचा राग तिथंच गळाला. ती तरी कुठं शहाणी होती. पानांचे क्रमांक कागदावर टाकून मोठी प्रामाणिक झाली होती, पण त्रेचाळीसचं पान उलटून चव्वेचाळीस बघायचं तिला सुचलं नव्हतं. कागद छोटा करायचा म्हणजे काय टाकायचं ते ठरवायचं, आणि तळटिपा तर तिनं वाचायच्या आधीच टाकल्या होत्या.

आता पुढं काय, हा प्रश्न होता. हुसेनसाबांचं म्हणणं, कागदाच्या तळाला चार ओळींचा खुलासा घालू. अपेक्षा म्हणाली, चार ओळी दीड मिनिटात कुणी वाचत नाही. वर लाल चौकोन दिसला की माणूस खुलाशापर्यंत पोचतच नाही. लाल खोटा असेल तर चौकोनच बदलला पाहिजे. पण नुसत्या बोरखिंडचाच छेद बदलायचा म्हणजे आपल्या लाडक्याचं गणित वेगळं करण्यासारखं होईल. एकोणीसच्या एकोणीस उपकेंद्रांना एकच व्याख्या लावली पाहिजे: एकतीस मार्चला गोठ्यात प्रत्यक्ष असलेली, चार महिन्यांवरची, म्हणजे लसीच्या वयाची जनावरं. यावर हुसेनसाबांनी तिच्याकडं जरा निरखून बघितलं. आपण ठिपके वजा करत आलो, पण बाकीच्या अठरांचं कधी विचारलं नाही, हे त्यांनी कबूल केलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत अठरा ठिकाणी फोन झाले. विकलेली पण नोंद न काढलेली जनावरं अठरा ठिकाणी मिळून तीनशे अठरा निघाली, म्हणजे किरकोळ. बोरखिंडचे ठिपके हुसेनसाबांनी परिशिष्टातून मोजले, एक हजार बावन्न. पण छायाचित्रातला ठिपका शाईचा की धुळीचा, हे मूळ रजिस्टर बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि मंडळापुढं अंदाज ठेवायचा नव्हता.

रविवारी हुसेनसाब सकाळच्या एसटीनं मोडनिंबला उतरले. अपेक्षा भावाची स्कूटी घेऊन स्टँडवर उभी होती. छपन्न वर्षांचा गृहस्थ, मांडीवर दोनशे बारा पानांचा अहवाल, आणि पुढं पोरगी गाडी चालवतेय, असा तो थाट होता. करकंबच्या बाजारात लोक वळून बघत होते. पुढं ओढ्याच्या खड्ड्यात हुसेनसाब एकदा गाडीवरून उतरले आणि म्हणाले, मी चालतो, अहवाल तुमी न्या.

बोरखिंडचं उपकेंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली. रेवणप्पा बाहेरच उभे होते. अंगानं काटक, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. उपकेंद्र बंद होतंय हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी रजिस्टरं काढून दिली आणि चहा सांगितला. तिघं खाली सतरंजीवर बसले. हुसेनसाब क्रमांक वाचायचे, अपेक्षा खूण करायची, आणि रेवणप्पा रजिस्टराकडं न बघता सांगायचे: ही सांगोल्याच्या बाजारात गेली, हिला दुष्काळात चाऱ्यापायी पाहुण्यांकडं धाडली ती तिकडंच राहिली, ही सर्पदंशानं गेली. हजारावर जनावरं. बिल्ल्याच्या आकड्यावरून त्या माणसाला गाईचा रंग सांगता येत होता. अपेक्षानं मधे दोनदा मुद्दाम क्रमांक उलटसुलट वाचून पाहिला, दोन्ही वेळा त्यांनी हटकलं, असा बिल्ला आपल्यात न्हाय.

 अपेक्षाच्या पट्टीत ही एक ओळ होती, तीन चौकोन.

दुपारी बजाबाई नावाची एक बाई ताक घेऊन आली. तिच्या नावापुढं दोन ठिपके होते. अपेक्षानं तिला विचारलं, मावशी, गाई विकून दोन वर्षं झाली, मग रजिस्टरातलं त्यांचं नाव का काढत नाही?

“काढलं की दावण मोडली म्हणायची,” बजाबाई म्हणाली. “येणार हाय की गाय. आज न्हाय, उद्या येईल. तवर जागा धरून ठिवायची.”

ती हे अगदी साधेपणानं बोलली. संगणकाच्या लेखी ती दोन जनावरं होती आणि त्यांना लस मिळालेली नव्हती. बजाबाईच्या लेखी ती गेली होती पण संपली नव्हती. तिसरं काही नोंदवायची सोय फक्त रेवणप्पांच्या शाईत होती.

चारच्या सुमारास मोजणी संपली. ठिपके एक हजार बावन्न, एकही कमी-जास्त नाही. छायाचित्रातून मोजलेला आकडा तंतोतंत तोच. अपेक्षानं हुसेनसाबांकडं बघितलं, तर ते ताकाचं भांडं पालथं घालून ठेवत होते, जणू यात विशेष काही नव्हतं.

तीन हजार एकशे चाळीसातून एक हजार बावन्न गेली की उरतात दोन हजार अठ्ठ्याऐंशी. टोचलेली एक हजार नऊशे सोळा. अपेक्षानं मोबाइलवर भागाकार केला: एक्क्याण्णव पूर्णांक आठ. रोजचं दूध नऊ हजार आठशे लिटर, दर जनावरामागं चार लिटर एकोणसत्तर. दोन्ही चौकोन हिरवे. एवढ्यानं भागत नव्हतं. एक छेद बदलल्यावर कागदाच्या माथ्यावरचा मोठा आकडाही हलला, साऱ्या संघाचं लसीकरण त्र्याऐंशी पूर्णांक नऊवरून शहाऐंशी पूर्णांक दोनवर गेलं. हुसेनसाब म्हणाले, चादरीचं असंच असतंय, पट्टीवरचं एक भोक चुकलं की ती चूक साऱ्या ताग्यात फिरते.

आता खरा अवघड भाग होता. ‘छान’ म्हणून मान्य झालेला कागद चुकीचा होता, हे रणदिवे मॅडमना सांगायचं. अपेक्षानं तिथूनच फोन लावला. ठिपक्यांची सगळी हकिगत सांगितली. मग मॅडमनी एवढंच विचारलं की नवी व्याख्या एकोणीसही ठिकाणी लावली का. लावली, असं अपेक्षानं सांगितलं. बदललेला प्रत्येक आकडा कशावरून आला ते उद्या दाखवता येईल का. येईल. मग नवा कागद सकाळी दहाला माझ्या टेबलावर ठेवा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पसंत पडलं की नाही ते काही कळलं नाही.

सोमवारी दहाला कागद टेबलावर होता. बाजू एकच होती. पट्टीच्या वर एक ओळ वाढली होती: ‘जनावरे म्हणजे एकतीस मार्चला गोठ्यात असलेली, चार महिन्यांवरची; विकलेली व मेलेली तेराशे सत्तर वगळली, त्यातली एक हजार बावन्न बोरखिंडची.’ ही ओळ बसवायला अपेक्षानं संघाचं मोठं बोधचिन्ह काढून टाकलं होतं. तळाच्या चौकटीत आता वेगळं होतं: कोणतेही उपकेंद्र विलीन करण्याची गरज नाही, संगणकाच्या नोंदणीत ‘गोठ्यात नाही’ हा रकाना वाढवण्यास मंजुरी हवी.

सभेत हुसेनसाबांना बोलावलं होतं, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. ते भिंतीकडच्या खुर्चीवर टेकले होते, अहवाल मांडीवर. पंधरा माणसांनी कागद उचलला. कुणी चष्मा वर सरकवला, कुणी खाली. हुसेनसाब त्यांच्या नजरा बघत होते. माथ्यावरचं वाक्य, पाच आकडे, मग नजर पट्टीवरून खाली घसरत जाई आणि चौकटीत थांबे. पंधराच्या पंधरा जणांची नजर त्याच वाटेनं गेली. दोनशे बारा पानं हे लोक वाचत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि कुणाला ते कळतही नव्हतं. हुसेनसाबांनी मांडीवरचा अहवाल दोन्ही हातांनी धरला. शेजारी बसलेल्या अपेक्षाला ते दिसलं आणि तिनं दुसरीकडं बघितलं.

एका ज्येष्ठ संचालकांनी शंका काढली. शुक्रवारच्या विषयपत्रिकेत बोरखिंड लाल होतं, दोन दिवसांत हिरवं कसं झालं? कुणी सांगितलं म्हणून आकडे फिरले काय?

रणदिवे मॅडमनी हुसेनसाबांकडं बघितलं. हुसेनसाब उठले. बोलायची सवय नव्हती. मग त्यांनी अहवालाचं एकशे सत्त्याऐंशीवं पान उघडलं, संचालकांच्या पुढं ठेवलं आणि म्हणाले, “साहेब, यातला कुठलाबी ठिपका दाखवा. त्या गाईचं काय झालं ते सांगतो.”

संचालकांनी गंमत म्हणून एकावर बोट ठेवलं. हुसेनसाबांनी क्रमांक वाचला, खिशातून कालची वही काढली आणि सांगितलं: बजाबाईची गाय, रंगानं तांबडी, एक शिंग वाकडं, दोन वर्षांमागं मोडनिंबच्या बाजारात विकली. संचालकांनी दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. त्याचंही निघालं. तिसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही. पान बंद करून त्यांनी दोन्ही हातांनी अहवाल हुसेनसाबांकडं परत दिला. अपेक्षाला वाटलं, या खोलीत आता हजार गाई उभ्या आहेत.

विषय अर्ध्या मिनिटात मंजूर झाला. बोरखिंड राहिलं, रकाना वाढला. सभा पुढच्या विषयाकडं वळली आणि तासाभरात संपली.

बाहेर व्हरांड्यात येऊन हुसेनसाबांनी रेवणप्पांना फोन लावला. रणदिवे मॅडमही कागद हातात घेऊन मागोमाग बाहेर आल्या होत्या, त्यांना दुसरीकडं जायचं होतं, पण त्या थांबल्या. फोन बजाबाईनं उचलला. रेवणप्पा गुतलाय, ती म्हणाली, माझ्या दिराच्या गोठ्यात हाय, कालवड अडलीया, पहिलटकरीण. हुसेनसाबांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडून रेवणप्पांचा आवाज आला, धापा टाकत, “साहेब, जरा थांबा. पाय हातात हायत.”

तिघं थांबले. फोनमधून माणसांची कुजबुज, दोराचा आवाज, जनावराचं कण्हणं येत होतं. खाली माग चालू होते, आणि मॅडमनी कुणी न सांगताच शिपायाला व्हरांड्याचं दार लावायला लावलं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग काहीतरी जड ओलं जमिनीवर पडल्याचा आवाज आला, थोडा वेळ काहीच आलं नाही, आणि त्यानंतर एक बारीक, चिडका हंबरडा. बजाबाई हसली की रडली ते कळलं नाही.

मॅडमच्या हातात कागद होता. त्यांनी बोरखिंडच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, मग आता दोन हजार एकोणनव्वद ना?

“न्हाय मॅडम,” हुसेनसाब डोळे पुसत म्हणाले. “चार महिन्यांनी लस. तोवर धरायचं न्हाय.”